ट्रायलला या

लग्नाचा ब्लाउज शिवायला आला की मी आधी लग्नाची तारीख विचारते आणि तिथून मागे मोजत येते. भोपाळला न्यू मार्केटच्या बाजूला माझं शिवणकाम चालतं. 1956 साली नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली, तेव्हा नोकरीपाठोपाठ इकडे आलेल्या मराठी घरांतल्या सुना-नाती माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी मेसेज मराठीत, बाकीच्यांसाठी हिंदीत. परवा एका मुलीच्या आईला पाठवला तो असा:

‘नमस्कार वहिनी. पैठणीचा ब्लाउज कच्चा शिवून झालाय. मंगळवारी 10 किंवा बुधवारी 11 तारखेला, 4 ते 7 मध्ये ट्रायलला या. लग्नात आत जी ब्रा घालणार तीच घालून या, साडीही आणा. ब्लाउज मंगळवारी 17 ला तयार मिळेल. घरी घालून बघा, काही वाटलं तर शुक्रवारी 20 च्या दुपारपर्यंत आणा, मायेत बसेल ते करून देईन, त्याचे पैसे नाहीत. कधी येताय ते कळवा.’

लग्न रविवारी 22 ला. शनिवार मी मुद्दाम मोकळा ठेवते. त्या दिवशी नागपूरची मंडळी उतरतात, घरात हळद असते, मापाकडे कोणाचंच लक्ष नसतं. ट्रायल आणि तयार तारीख यांत मात्र जवळजवळ आठवडा लागतोच. ट्रायलनंतर बाजू उसवायच्या, पुन्हा शिवायच्या, मग गळा, हातशिलाई, हूक. पैठणीची जर जपून हाताळावी लागते, आणि रेशमावर टाका उसवला की सुईची भोकं दिसतात. म्हणून कच्ची शिलाई मी पक्क्या रेषेवर घालत नाही. थोडी बाहेर, मायेच्या बाजूला, मोठ्या टाक्यांची घालते. आत घेतलं तर ती भोकं शिवणीत दडतात.

बाजूच्या शिवणीत मी एकेक इंच माया सोडते. प्रत्येक पदराची अर्धा इंच सोडली तर दोन बाजूंचे चार पदर मिळून ब्लाउज दोन इंच सैल होतो. पण ही सवलत फक्त बाजूला. गळा एकदा खोल कापला की कापलेलं कापड परत येत नाही, खांदा अरुंद झाला की रुंद होत नाही, आणि साडीतलाच ब्लाउजपीस असला की दुसरा तुकडा आणायचा कुठून? त्यामुळे ट्रायलपर्यंत गळा मी हव्या त्यापेक्षा अर्धा इंच वरच ठेवते.

वहिनी बुधवारी आल्या. मापाला दिलेला त्यांचा जुना ब्लाउज सैलावलेला होता. समोर टाचण्या लावून उभं केलं तेव्हा सगळं नीट दिसत होतं, छातीवर आडवी सुरकुती नाही म्हणजे घट्ट नाही. मग म्हटलं, ‘हात वर करा, हार घालताना करतो तसे.’ अख्खा ब्लाउज हाताबरोबर वर उचलला गेला. त्या म्हणाल्या, ‘बाही घट्ट आहे ना?’ बाही घट्ट नव्हती, मुंढा खाली उतरला होता. मुंढा जितका खाली, तितकं हात उचलताना बाहीबरोबर अंगाचं कापड ओढलं जातं. बाही सैल करून हे कधीच जात नाही.

मुंढ्याखाली तर नवं कापड जोडता येत नाही. मी दोन्ही खांद्यांवर पाव पाव इंचाची चिमटी घेतली. चिमटीत कापड दुहेरी जातं, म्हणजे मुंढ्याचा घेर अर्धा इंच कमी झाला आणि मुंढा पाव इंच वर आला. गळाही तेवढाच वर गेला, पण तो अजून कापायचाच होता, तेव्हा नंतर हवा तिथे खडू मारून घेतला. मुंढ्याचा घेर लहान झाल्यामुळे बाहीचा माथाही तेवढा कमी करून बाही पुन्हा बसवायची. पुन्हा हात वर करायला लावले, ब्लाउज जागेवर राहिला. मग त्यांना खुर्चीवर बसवलं, पदर खांद्यावर घ्यायला सांगितला. जेवायच्या पंगतीत बसल्यावर खालची पट्टी पोटात रुतते की नाही ते उभ्याने कळत नाही.

‘ताई, तुम्ही माप नीट घेतलंय ना, मग ट्रायल कशाला, सरळ 17 ला नेते,’ असं पुष्कळजणी लिहितात. टेप घेर सांगते. हात वर केल्यावर कापड कुठे ओढेल हे अंगावर घातल्याशिवाय दिसत नाही. आणि 17 नंतरच्या तीन दिवसांत मी बाजू सोडू शकते, आवळू शकते, हूक सरकवू शकते. मुंढा आणि गळा तेव्हा माझ्या हातात राहिलेले नसतात.

तेव्हा तुमच्या शिंप्याचा असा मेसेज आला तर त्याच दिवशी वार कळवा, आणि ट्रायलला उभं राहिलात की न सांगता दोन्ही हात वर करून बघा.