अकरा ते तीन

‘मला संशोधनाची मनापासून आवड आहे. आपल्या प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून कोणतंही काम करायला मी तयार आहे.’ मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची बहुतेक पत्रं या दोन वाक्यांवर उभी असतात. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. अशी पत्रं मला येतात आणि इतरांकडे पाठवायची पत्रं विद्यार्थी मला दाखवायलाही आणतात. आवड खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण ‘कोणतंही काम’ हे शब्द वाचून प्राध्यापकाला पुढे काय करावं ते कळत नाही. प्रकल्प म्हणजे फोन करून वेळ ठरवणं, भरलेल्या प्रश्नावल्या तपासणं, आकडे संगणकात घालणं, मुलाखती ऐकून लिहून काढणं. यातलं या मुलाला काय जमेल, ते कोण शिकवणार, लोकांची खाजगी माहिती त्याच्या हाती द्यायची तर नीतिसमितीला काय कळवायचं, हा सगळा विचार पत्र वाचणाऱ्यावर पडतो. मग पत्र बाजूला राहतं.

गेल्या वर्षी टीवायच्या एका मुलीने असंच पत्र आणलं. ती रबाळ्याची, गोठिवलीच्या बाजूला राहणारी. मुंबईतल्या एका प्राध्यापक मॅडम पाळीत काम करणाऱ्या कामगारांच्या झोपेवर अभ्यास करत होत्या, त्यांना तिला लिहायचं होतं. मी तिला म्हटलं, “मॅडमचा एक शोधनिबंध नीट वाच. त्यातली पद्धत वाच, निष्कर्ष नंतर. आणि जिथे अडशील तिथे खूण कर.”

चार दिवसांनी ती आली ती अडूनच. निबंधात झोप मोजायला पीएसक्यूआय वापरली होती. पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली जगभर चालते. ती गेल्या महिन्याबद्दल विचारते: साधारण किती वाजता झोपायला गेलात, किती वाजता उठलात, प्रत्यक्षात किती तास झोप लागली. उत्तरांवरून सात घटकांना शून्य ते तीन गुण मिळतात. एकूण गुण पाचाच्या वर गेले की झोप चांगली नाही असं धरतात.

“मॅडम,” ती म्हणाली, “पप्पांना ‘साधारण’ किती वाजता झोपता हे कसं विचारायचं? त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते.”

तिचे वडील रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत. एक आठवडा सात ते तीन, पुढचा तीन ते अकरा, मग नाईट. ठाणे-वाशी मार्गावर रबाळे स्टेशनात सकाळी सात-सव्वासातला उभं राहिलं की नाईट सुटलेली माणसं आणि जनरलला निघालेली माणसं एकमेकांना ओलांडताना दिसतात. त्या मुलीने हे लहानपणापासून पाहिलं होतं. प्रश्नावलीतली फट तिला दिसली ती त्यामुळे.

आम्ही कागदावर एक उदाहरण मांडलं. समजा, एका कामगाराने झोपायची वेळ ११ लिहिली, उठायची ३ आणि झोप ५ तास. ११ हे पहिल्या पाळीच्या आठवड्यातलं, रात्रीचं. ३ हे नाईटच्या आठवड्यातलं, दुपारचं. दोन आठवडे एका ओळीत मिसळले. आता अंथरुणातल्या वेळेपैकी किती टक्के झोप लागली, हा सातातला एक घटक काढू. रात्री अकरा ते दुपारी तीन म्हणजे सोळा तास, त्यात पाच तास झोप, म्हणजे साधारण ३१ टक्के. ६५ टक्क्यांच्या खाली गेलं की गुण तीन, म्हणजे सर्वांत वाईट. आकडे भरणाऱ्याने तीन पहाटेचे समजले तर अंथरुणात चारच तास आणि झोप पाच तास, म्हणजे १२५ टक्के! खरं तर तो माणूस नाईट करून सकाळी नऊला आडवा झाला होता आणि तीनला उठला. सहा तासांत पाच तास झोप, ८३ टक्के, गुण एक. एका मोघम उत्तराने दोन गुणांचा फरक पडला, आणि इथे सीमा पाचावर आहे.

शंभराच्या वर गेलेला आकडा लगेच पकडता येतो. ३१ टक्के मात्र खपून जातो, कारण नाईट करणाऱ्याची झोप वाईटच असणार असं आपण आधीच धरलेलं असतं. मला जास्त भीती असल्या आकड्याची वाटते. उपाय आहे: प्रत्येक पाळीसाठी झोपेचे प्रश्न वेगळे विचारायचे, किंवा पाळ्यांचं पूर्ण चक्र होईपर्यंत रोजची झोप-नोंद ठेवायला सांगायचं. दुसऱ्यात अडचण अशी की थकलेला माणूस चार दिवसांच्या नोंदी एकदम भरतो. शाई आणि अक्षर एकसारखं दिसलं की ते कळतं.

मग पत्र नव्याने लिहिलं. त्याचा गाभा असा होता:

‘आदरणीय मॅडम, पाळीतल्या कामगारांवरचा आपला निबंध वाचला. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर झोपायची नेहमीची वेळ आपण कोणत्या आठवड्याची धरता? सोबत एक काल्पनिक उदाहरण सोडवून जोडलं आहे. आपल्या प्रकल्पात भरलेल्या प्रश्नावल्या तपासण्याचं आणि आकडे भरण्याचं काम मी शनिवारी पूर्ण दिवस आणि बुधवारी दुपारी करू शकेन, मार्चअखेरपर्यंत. एप्रिलमध्ये माझी परीक्षा आहे. सांख्यिकीचा एक पेपर झाला आहे, मुलाखत घेण्याचा अनुभव नाही.’

पहिल्या मसुद्यात आणखी एक वाक्य होतं: ‘मी रबाळ्याचीच असल्यामुळे कामगार सहज मिळवून देऊ शकेन.’ ते मी काढायला लावलं आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. ओळखीच्या मुलीने फॉर्म पुढे केला की शेजारचे काका नाही म्हणत नाहीत, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला संमती म्हणत नाहीत. शिवाय त्याच प्रश्नावलीत झोपेची गोळी घेता का, हेही विचारलेलं असतं. मित्राच्या मुलीपुढे कोण खरं सांगेल? म्हणून वाक्य बदललं: ‘माझ्या परिसरातल्या व्यक्तींची माहिती माझ्याकडे येऊ नये, अशी व्यवस्था असावी.’ आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिमार्गदर्शक तत्त्वांमध्ये वरिष्ठांच्या हाताखाली असलेल्यांना विशेष जपायला सांगितलं आहे. त्यांत कर्मचारी येतात, आणि विद्यार्थीही.

विद्यार्थी येतात, हे मी तिला मुद्दाम दाखवलं. ते संशोधनात भाग घेणाऱ्यांबद्दल लिहिलं असलं, तरी विनावेतन मदत करणाऱ्या मुलीची अवस्था वेगळी नसते. पुढे शिफारसपत्र लागणार म्हणून ती कशालाच नाही म्हणत नाही. त्यामुळे तास पत्रातच लिहायचे. प्रवासखर्च मिळेल का, काम लेखात गेलं तर नाव आभारात येईल की लेखकांत, हे पहिल्या भेटीत विचारायचं. संकोच वाटतो, पण प्रामाणिक प्राध्यापकाला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

उत्तर नवव्या दिवशी आलं. मॅडमनी लिहिलं होतं की पाळीनुसार वेगळे प्रश्न पुढच्या फेरीत घेत आहोत, पण आधीच्या फेरीतल्या प्रश्नावल्यांत वेळेपुढे सकाळ-रात्र लिहिलेली नाही, त्या वेगळ्या काढायच्या आहेत. नावं झाकून फक्त क्रमांक दिले जातील. प्रत्येक प्रश्नावली दोघांनी स्वतंत्रपणे भरायची, दोन्ही तक्ते जुळवायचे आणि जिथे फरक पडेल तिथे मूळ कागद उघडायचा. प्रवासखर्च मिळेल, लेखात नाव आभारात येईल, आणि शनिवारी दहाला यावं.