तीस शब्दांचं प्रशस्तिपत्र

आमची संस्था दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देते. वर्षाअखेरीला या लेखनिकांना प्रशस्तिपत्रं दिली जातात आणि त्यांचा मजकूर माझ्याकडे असतो. ए-फोर कागद आडवा धरला, वर बोधचिन्ह आणि खाली दोन सह्या बसवल्या की मध्ये चार-पाच ओळी उरतात. म्हणजे तीसेक शब्द. त्यातले निम्मे ‘निःस्वार्थ भावनेने केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल’ या छापात जातात. असला मजकूर मी एकाच कसोटीवर टाकून देतो: नाव बदलून तो रक्तदान शिबिरातल्या कार्यकर्त्याला चालतो का? चालतो.

लेखनिकाच्या बाबतीत तर कौतुक अंगलटही येतं. ‘यांच्या मोलाच्या मदतीमुळे विद्यार्थी यशस्वी झाला’ असा मसुदा एकदा समोर आला होता. परीक्षेत लेखनिकाने ‘मदत’ केली म्हणजे काय केलं? उत्तर सांगितलं? हे वाक्य लेखनिकाचा गौरव करतं आणि विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर संशय घेतं. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून खालच्या इयत्तेतला असावा, अशी अट असते ती याचसाठी. बी.ए.च्या विद्यार्थ्याला बारावीची मुलगी चालते. ऐकू येतं ते लिहायचं आणि उत्तर चुकतंय असं वाटलं तरी गप्प बसायचं, हेच तिचं काम. कौतुक करायचं ते या गप्प बसण्याचं.

शिवाय बारावीच्या मुलीचं प्रशस्तिपत्र पुढे फाइलमध्ये लागतं, मुलाखतीत कोणीतरी उघडून बघतं. तिथे ‘बहुमोल’ला किंमत नसते, काय केलं, कधी, किती, हे दिसावं लागतं. तीन तासांच्या पेपरला ताशी वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तो चार तासांचा होतो. सहा पेपरांचे चोवीस तास. शेवटी मजकूर असा ठरला:

‘कु. ………… यांनी एप्रिल २०२५ च्या बी.ए. प्रथम वर्ष परीक्षेत दृष्टिहीन परीक्षार्थीचे लेखनिक म्हणून सहा पेपर, एकूण २४ तास लिहिले. सांगितलेला शब्द न शब्द जसाच्या तसा उतरवला. संस्था त्यांची आभारी आहे.’

परीक्षार्थीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ते दुसऱ्याच्या भिंतीवर टांगायचं नसतं. ‘यांनी’ने सुरुवात केल्यामुळे मुलगा असो वा मुलगी, क्रियापद बदलावं लागत नाही. फक्त पेपर, तास आणि परीक्षेचं वर्ष प्रत्येकाचं वेगळं भरायचं. कंटाळून सगळ्यांना सहाच पेपर लावले, तर ज्याने खरोखर सहा लिहिले त्याचंही खोटं वाटतं.

मजकूर मोबाइलवरून छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये जाताना रफार सरकतो. छपाईआधी कागदावरचं प्रूफ मागवा आणि ‘परीक्षार्थी’ हा शब्द डोळ्यांनी तपासा.