आधी काय, नंतर काय आणि ‘म्हणून’ काय

येथील ए-लेव्हलच्या इतिहासात १९१४ ते १९४८ या काळातील भारत अभ्यासता येईल, असा एक पर्याय आहे. आपल्या समाजातील काही मुले तो आवर्जून घेतात. रविवारच्या वंदनेनंतर अशा मुलांच्या वह्या माझ्याकडे येतात, कारण भारतात असताना मी काही वर्षे इतिहास शिकविला होता. गेल्या हिवाळ्यात एका मुलीने पुणे कराराविषयीचे उत्तर तपासण्यासाठी दिले. उत्तराच्या आरंभी तिने घटनांचा कालक्रम मांडला होता आणि त्याच क्रमाच्या आधाराने पुढे कारणमीमांसा केली होती. इंग्रजी उत्तम होते, विषयाविषयी तळमळ होती आणि सर्व घटना खऱ्या होत्या. तरीही तीन ठिकाणी मला पेन्सिल थांबवावी लागली.

कालक्रम तपासण्याची माझी रीत साधी आहे. प्रथम उत्तरातील ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ या अर्थाच्या प्रत्येक शब्दाभोवती मी वर्तुळ काढतो. अशा प्रत्येक शब्दाच्या डावीकडे एक घटना असते आणि उजवीकडे दुसरी. त्या दोन्हींच्या तारखा समासात लिहायच्या आणि मग दोन प्रश्न विचारायचे. डावीकडील घटना खरोखर आधीची आहे काय? आणि आधीची असल्यास, ती उजवीकडील घटनेपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिनदर्शिका देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र पत्रे, ठराव आणि भाषणे यांतच शोधावे लागते.

तिचे पहिले विधान असे होते : ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला, तो वाचून गांधीजींनी प्राण पणाला लावण्याचे ठरविले, म्हणून उपोषण घडले. निवाडा १९३२ च्या ऑगस्टच्या मध्यास जाहीर झाला. काही पुस्तके १६ तारीख देतात, काही १७. या एका दिवसाच्या फरकाने येथे कोणतेही कारण बदलत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नये, असे मी तिला सांगितले. परंतु ‘वाचून ठरविले’ हे शब्द तपासणे आवश्यक होते. गांधीजींनी भारतमंत्री सर सॅम्युएल होर यांना येरवड्याच्या तुरुंगातून पत्र लिहिले, त्याची तारीख ११ मार्च १९३२ आहे. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिल्यास आपण आमरण उपोषण करू, हा इशारा त्या पत्रातच आहे. त्याहीपूर्वी, १३ नोव्हेंबर १९३१ रोजी, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या अल्पसंख्याक समितीपुढे लंडनमध्येच त्यांनी अशा मागणीला प्राणपणाने विरोध करण्याची भाषा केली होती.

म्हणजे निश्चय आधीचा आणि निवाडा नंतरचा. मग निवाड्याला कारण म्हणायचे नाही काय? म्हणायचे, पण कोणत्या गोष्टीचे, हे नेमके सांगून. निवाड्यामुळे विरोध जन्माला आला नाही. आधीच असलेल्या विरोधाला कृतीची वेळ मिळाली. मराठीत आपल्याकडे यासाठी ‘निमित्त’ हा चांगला शब्द आहे. ही दुरुस्ती किरकोळ नाही. पहिल्या मांडणीत गांधीजींचे उपोषण ही एका सरकारी घोषणेवरची तत्काळ प्रतिक्रिया ठरते. दुसऱ्या मांडणीत, बाबासाहेब आणि गांधीजी यांच्यातील मतभेद लंडनच्या परिषदेत उघड झाला होता आणि सरकारलाही पुढच्या संकटाची पूर्वकल्पना होती, हे दिसते. परीक्षक गुण देतील ते दुसऱ्या मांडणीला, कारण तीत दीर्घकालीन कारण आणि तात्कालिक निमित्त वेगळे केलेले आहे.

दुसरे विधान एका ओळीचे होते : २४ सप्टेंबर रोजी करारावर सह्या झाल्या, त्यामुळे त्याच दिवशी उपोषण सुटले. अनेकांच्या मनात हे चित्र असेच आहे. उपोषण २० सप्टेंबरला सुरू झाले, सह्या २४ ला झाल्या, परंतु उपोषण सुटले २६ ला. निवाड्याची तारीख एक दिवसाने चुकली तर बिघडत नाही, मग येथे दोन दिवस का मोजायचे, असे तिने विचारले. तिचा प्रश्न रास्त होता. उत्तर असे की, या दोन दिवसांच्या पोटात एक संपूर्ण कारण दडलेले आहे.

उपोषण सरकारच्या निर्णयाविरुद्ध होते. १८ ऑगस्टला पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी अट घातली होती, ती सरकारने निर्णय बदलण्याची. आणि निवाड्यातच एक कलम असे होते की, संबंधित समाजांनी आपापसांत एकमताने पर्यायी व्यवस्था ठरविली, तर सरकार तिचा स्वीकार करण्यास तयार राहील. म्हणून येरवड्यात सह्या होणे पुरेसे नव्हते. तो करार लंडनला कळणे, मंत्रिमंडळाने तो निवाड्याच्या जागी मान्य करणे आणि ती मान्यता परत येरवड्यास पोहोचणे आवश्यक होते. ती मान्यता २६ तारखेला आली आणि मगच उपोषण सुटले.

हा दुवा गाळला की उत्तरातून ब्रिटिश सरकारच नाहीसे होते आणि सर्व घटना दोन पुढाऱ्यांमधील भावनिक प्रसंग बनते. तो दुवा घातला की करारावर गांधीजींची स्वतःची सही का महत्त्वाची नव्हती, हेही समजते. ‘एकमत’ हवे होते ते सवर्ण हिंदूंचे आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून पुढे आलेल्या माणसांचे. बाबासाहेबांवर आलेला दबाव नेमका कोठे होता, हेही याच कलमातून उलगडते : त्यांच्या संमतीवाचून सरकार निवाडा बदलू शकत नव्हते आणि निवाडा बदलल्यावाचून उपोषण सुटणार नव्हते. ‘करार दबावाखाली झाला’ असे तिने अन्यत्र लिहिले होते. ते विधान मी खोडले नाही. त्याच्याखाली हे दोन दुवे लिहावयास सांगितले, कारण त्यांनीच ते विधान उभे राहते.

तिसऱ्या विधानापाशी आमचे बोलणे लांबले. तिने लिहिले होते : पुणे करारान्वये झालेल्या निवडणुकांत खरे प्रतिनिधी निवडून येईनात, म्हणून निराश होऊन बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. हे वाक्य तिच्या आजीच्या तोंडचे होते. आजीने पुणे करार म्हणजे आपला घात, हे लहानपणापासून ऐकलेले आणि पुढे सांगितलेले.

येथे पहिला प्रश्नच पुरेसा होता. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. पुणे करारातील राखीव जागा ज्या कायद्याने अमलात आल्या, त्या भारत सरकार कायद्याला राजमान्यता मिळाली २ ऑगस्ट १९३५ रोजी, म्हणजे येवल्याच्या जेमतेम अडीच महिने आधी. त्या कायद्याखालील प्रांतिक निवडणुका झाल्या त्या १९३७ च्या आरंभी. जी निवडणूक अजून झालेलीच नाही, तिच्या निकालाने कोणी निराश होऊ शकत नाही.

“पण काका,” ती म्हणाली, “पुणे करार तर आधीच झाला होता ना? मग तो कारण नाही?”

करार आधीचा आहे, एवढेच तारखा सांगतात. तेथून दुसरा प्रश्न सुरू होतो. येवल्याच्या भाषणात बाबासाहेबांनी हिशोब मांडला तो समान हक्कांसाठी केलेल्या प्रयत्नांचा, विशेषतः नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा. तो सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला होता, म्हणजे पुणे कराराच्या अडीच वर्षे आधी, आणि तो थांबविण्याचा सल्लाही येवल्यासच दिला गेला. अर्थात घोषणेकडे जाणारी जी वाट कागदोपत्री स्पष्ट दिसते, ती नाशिकवरून जाते. पुण्यावरूनही एखादी वाट गेली असेल, पण ती दाखवायची तर बाबासाहेबांचे त्या काळातील शब्द समोर ठेवावे लागतील. तीन वर्षांचे अंतर ‘म्हणून’ या एका शब्दाने भरून निघत नाही.

आपण धम्माच्या अभ्यासात प्रतीत्यसमुत्पाद शिकतो. तेथे एक गोष्ट दुसरीच्या केवळ नंतर येते, असे म्हटलेले नाही. हे असताना ते होते आणि हे नसताना ते होत नाही, अशा दोन्ही बाजूंनी तपासायला सांगितले आहे. मुलीला मी तेवढेच विचारले : पुणे करार झालाच नसता, तर काळारामाचे दार उघडले असते काय? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “नाही. मग घोषणा तरीही झाली असती, कदाचित.” त्या ‘कदाचित’ने मला समाधान दिले. या कसोटीची मर्यादा त्यातच आहे : तिच्यामुळे खोटे कारण गळून पडते, खरे कारण मात्र आपोआप सिद्ध होत नाही.

आजीला हे कसे सांगायचे, ही तिची खरी अडचण होती. आजीचे म्हणणे चूक ठरविण्याचे कारण नाही, असे मी तिला म्हटले. पुणे करारातील पद्धतीत राखीव जागेसाठी प्रथम अस्पृश्य मतदार चार उमेदवार निवडत आणि अंतिम निवड संयुक्त मतदारसंघातील सर्व मतदार करीत. त्या अंतिम मतदानात आपला खरा प्रतिनिधी मागे पडू शकतो, हा आक्षेप बाबासाहेबांनी स्वतः पुढे सविस्तर मांडला आहे. आजीची वेदना खरी आहे. तिची जागा १९३७ नंतरची आहे. ती १९३५ च्या आधी नेऊन ठेवली, तर आपल्या इतिहासाकडे संशयाने पाहणारा कोणीही एका तारखेच्या आधाराने संपूर्ण तक्रारच बाजूला सारील. ती योग्य जागी ठेवली, तर तिला हात लावणे कठीण आहे.

पुढच्या रविवारी तिने उत्तर पुन्हा लिहून आणले. कालक्रमात आता तीन नोंदी वाढल्या होत्या : नोव्हेंबर १९३१, ११ मार्च १९३२ आणि २६ सप्टेंबर १९३२. येवल्याचे वाक्य दोन वाक्यांत विभागले होते. एकात काळारामचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा होती, दुसऱ्यात १९३७ च्या निवडणुका आणि पुणे करारावरील आक्षेप. दोहोंच्या मध्ये ‘म्हणून’ नव्हते. समासात तिने पेन्सिलीने माझ्यासाठी एक प्रश्न लिहिला होता : १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ मागितले होते, मग गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ का? तारखा नीट लावल्याशिवाय हा प्रश्न सुचत नाही. आम्ही आता त्या दोन वर्षांतील कागद वाचत आहोत.