वलीमा : निमंत्रक कोण?

करंजा येथील एका परिचित मुस्लिम कुटुंबाची लग्नपत्रिका मला आली, तेव्हा तिच्यातील दोन निमंत्रणे मी एकाच समारंभाची समजलो. निकाहाला जाऊन जेवलो. दुसऱ्या दिवशीच्या वलीम्याला गेलो नाही. पुढे वराचे वडील भेटले आणि म्हणाले, "सर, तुम्ही मुलीकडचे जेवलात, आमच्याकडे आलाच नाहीत."

निकाहाच्या दिवशीचे जेवण बहुधा वधूपक्ष देतो. तो केवळ रिवाज आहे. वलीमा मात्र वराकडून दिला जातो आणि तो पैगंबरांची सुन्नत मानला जातो. या अरबी शब्दाच्या धातूचा अर्थ कोशकार 'जोडणे, एकत्र येणे' असा देतात. दोघे एकत्र आले, हे वराचे घर या जेवणाने समाजाला जाहीर करते. 'दावत' कोणत्याही निमित्ताने होते, 'अकीका' अपत्यजन्मानिमित्त, वलीमा विवाहाचाच.

त्याला थाट लागत नाही. सफिया यांच्याशी झालेल्या पैगंबरांच्या विवाहाच्या वलीम्यात रोटी नव्हती, मांसही नव्हते. खजूर, तूप आणि वाळवलेले दही एवढेच होते, असे हदीस सांगते. श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळणाऱ्या वलीम्याचे अन्न मात्र ती सर्वांत वाईट ठरवते. सबळ कारणावाचून हे निमंत्रण नाकारू नये, असाही दंडक आहे. त्या दिवशी माझे केवळ एक जेवण चुकले नव्हते. साक्षीदाराची जागा रिकामी राहिली होती. म्हणून पत्रिका वाचताना निमंत्रक कोण, हे आपण आधी पाहावे.