माझी खूणवही

या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा मी कपाटातून प्रथम एक शंभरपानी वही काढली. तिला मी ‘खूणवही’ म्हणतो. मी लिहिताना कोणते शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, माझी वाक्ये किती लांबीची असतात आणि कोणत्या गोष्टींविषयी माझे मत पक्के आहे, याची नोंद तीत आहे. किकवीच्या या वसतिगृहात लिहिण्याची सवय लागलेल्या आपल्यापैकी अनेकांना ती उपयोगी पडेल, असे वाटल्याने तिच्याविषयीच लिहितो.

शुद्धलेखनाच्या वहीपेक्षा ही वही वेगळी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 साली लागू झाले आणि 1972 साली त्यांत चारांची भर पडली. ते सर्वांसाठी आहेत. ते पाळलेच पाहिजेत. पण ज्या ठिकाणी दोन्ही रूपे बरोबर असतात, तेथे निवड लेखकाची असते. खूणवही तेवढ्याच जागेपुरती असते.

ती करण्याची गरज एका प्रसंगातून निर्माण झाली. माझ्या वडिलांवर मी लिहिलेला लेख एका नियतकालिकाने छापला. अंक घरी आल्यावर मी तो आईला वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदालाच तिने मला थांबवले. ‘‘हे तू न्हाई लिव्हलंस. ह्यो कुणी दुसराच बोलतोय,’’ ती म्हणाली. आईला शाळा मिळाली नाही. पण तिचा कान चुकला नव्हता. छापण्यापूर्वी लेखावर बरेच हात फिरले होते. व्याकरणाची एकही चूक त्यात उरली नव्हती आणि मीही उरलो नव्हतो.

मूळ हस्तलिखित आणि छापील पान मी शेजारी ठेवले. मी लिहिले होते : ‘पावसाळ्यात वसतिगृहाच्या पत्र्यावर पाऊस वाजायचा. बोलणं ऐकू यायचं नाही. मग आम्ही पाटीवर लिहून बोलायचो.’ छापले गेले होते : ‘पावसाळ्याच्या दिवसांत वसतिगृहाच्या पत्र्यावर पडणाऱ्या मुसळधार पावसामुळे एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसल्याने आम्ही पाटीवर लिहून संवाद साधत असू.’ पाच, चार आणि पाच शब्दांची तीन वाक्ये जाऊन अठरा शब्दांचे एक वाक्य झाले. अर्थ तोच राहिला. पण आधी आवाज, मग अडचण, मग तोड हा घटनेचा क्रम गेला. ‘लिहून बोलायचो’ यातली मुलांची गंमत ‘संवाद साधत असू’ मध्ये विरघळली.

वहीचे काम या तुलनेतून सुरू झाले. कोणाचाही हात न लागलेले माझे दहा-बारा पानांचे लेखन मी जमवले. त्यात वसतिगृहातून घरी पाठवलेली पत्रे होती, एक भाषण होते, दोन लेखांचे कच्चे खर्डे होते. पेन्सिलीने मी तीन प्रकारच्या खुणा केल्या आणि वहीचे तीन भाग पाडले.

पहिला भाग शब्दांचा. ‘वाईच’, ‘औंदा’, ‘म्होरं’ हे भोरकडचे शब्द माझ्या पत्रांतून सहज येत होते. युक्तिवाद सुरू करताना मी ‘हिशेब असा’ म्हणत होतो. ती वडिलांची लकब. प्रत्येक शब्दापुढे मी निर्णय लिहिला. गावचे शब्द बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ठेवायचे, निवेदनात नाही. आठवण सांगताना ‘बोलणं’, विचार मांडताना ‘बोलणे’. ‘हिशेब असा’ एका लेखात एकदाच. ‘खरोखरच’ आणि ‘अक्षरशः’ हेही शब्द जागोजागी सापडले. पण ते काढले तरी वाक्याचे काही बिघडत नव्हते. ती लकब नव्हती, नुसती सवय होती. त्यांपुढे ‘गाळावे’ असे लिहिले.

दुसरा भाग लयीचा. सलग तीस वाक्यांतील शब्द मी मोजले. बहुतेक वाक्ये चार ते दहा शब्दांची निघाली आणि दर पाच-सहा वाक्यांनंतर एक लांब वाक्य येत होते. ते बहुधा कारण सांगणारे असे. म्हणून नियम केला : घटना लहान वाक्यांत, कारण लांब वाक्यात. मोजणी एकाच प्रकारच्या लेखनाची करावी लागते. पत्र आणि भाषण एकत्र मोजले, तर निघणारी सरासरी कोणत्याच लेखनाची नसते.

तिसरा भाग मतांचा. तो सर्वांत अवघड. शैली म्हणजे केवळ शब्दांची ठेवण, असे मी पूर्वी समजत असे. छापील लेखात मात्र आईविषयीच्या ‘शाळा मिळाली नाही’ या शब्दांऐवजी ‘निरक्षर’ आले होते. ‘निरक्षर’ हा शब्द माणसाविषयी सांगतो. ‘शाळा मिळाली नाही’ हे शब्द गावाविषयी सांगतात. येथे शब्दाबरोबर माझे मतच बदलले गेले होते. म्हणून या भागात प्रत्येक मत एका वाक्यात, त्याखाली त्याचे कारण आणि नोंद केल्याचे वर्ष, अशी मांडणी केली. मत बदलले तर जुनी नोंद खोडत नाही. खाली नवी लिहितो.

मत आणि शैली किती एकजीव असू शकतात, याचे उदाहरण ‘मूकनायक’मध्ये आहे. 31 जानेवारी 1920 च्या पहिल्या अंकावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. अग्रलेख मात्र बाबासाहेबांचा. त्यात हिंदू समाजाला मजले असलेल्या पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा आहे. ती सजावटीची नाही. जन्मलेल्या मजल्यावरच मरावे लागते, हा सगळा युक्तिवाद त्या न दिसणाऱ्या शिडीत आहे. भाषा सुधारण्याच्या नादात कोणी शिडी काढून ‘सामाजिक गतिशीलतेचा अभाव’ घातला असता, तर वाक्य शुद्ध राहिले असते आणि लेखकाची दृष्टी गेली असती.

आता कोणी माझ्या लेखात बदल सुचवले की मी त्यांची तीन गटांत विभागणी करतो. चूक दाखवली असेल, तर आभार मानून दुरुस्त करतो. त्या प्रकाशनाचा सर्वांसाठी असलेला नियम असेल, तर स्वीकारतो. केवळ आवडीचा प्रश्न असेल, तर खूणवही उघडतो आणि नोंद असेल तेथे मूळ शब्द ठेवण्याची विनंती कारणासह करतो. दहा बदलांपैकी दोन-तीनच या गटात येतात. त्यामुळे वादही फारसा होत नाही.

या वहीचा एक धोकाही आहे. ती समोर ठेवून लिहिले, तर लेखक स्वतःचीच नक्कल करू लागतो. ‘हिशेब असा’ पानात तीनदा आले की ती लकब राहत नाही, सोंग होते. म्हणून पहिला खर्डा मी वही बंद ठेवून लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पडताळताना ती उघडतो. वर्षातून एकदा दुसरी परीक्षा घेतो. माझा एक आणि इतरांचे तीन परिच्छेद नावे झाकून जुन्या वर्गमित्राला देतो. माझा कोणता, एवढेच न विचारता कशावरून ओळखला, हे विचारतो. तो एखाद्या ठरावीक शब्दाकडे बोट दाखवू लागला, तर तो शब्द वर्षभर बाजूला ठेवतो. एखाद्या मताकडे किंवा सांगण्याच्या क्रमाकडे दाखवले, तर वही योग्य मार्गाने चालली आहे, असे समजतो.

माजी विद्यार्थ्यांनी सुरुवात घरच्या ट्रंकेतून करावी. येथून आई-वडिलांना पाठवलेली पत्रे कोणीच तपासलेली नव्हती. ती जपली असतील, तर वहीचे पहिले पान त्यांतच सापडेल. पत्रे नसतील, तर एखादी आठवण मित्राला सांगताना ध्वनिमुद्रित करून जशीच्या तशी उतरवून काढावी. आणि वही चार पानांपुढे जाऊ देऊ नये. त्याहून लांब यादी पडताळणीच्या वेळी कोणी वाचत नाही.