होकार आला की ओढ का संपते?

प्रेमात नकार पचवणे अवघड असते, असे सगळे म्हणतात. आम्हाला नकार फारसा जड गेला नाही. जड गेला तो होकार. समोरची व्यक्ती दूर असेपर्यंत मन तिच्याभोवती घुटमळायचे आणि तिने एक पाऊल आपल्याकडे टाकले की सारा उत्साह फुग्यातली हवा जावी तसा जायचा. याला कोणी चंचलपणा म्हणते, कोणी "याला फक्त जिंकण्यात रस आहे" म्हणते. आमच्या मते या दोन्ही उत्तरांत चिकित्सा कमी आणि निकाल जास्त आहे.

एक प्रसंग तपासू. आम्ही पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. अभ्यासिकेतली एक मैत्रीण आम्हाला चार महिने आवडत होती. तिचा मेसेज आला की रात्रभर झोप नसायची. एके दिवशी तिनेच विचारले, "रविवारी भेटायचं का? तुझ्याबद्दल नीट ऐकायचंय मला." त्याच रात्री आमच्या मनात यादी सुरू झाली. ती फार मोठ्याने हसते. ती एकच गोष्ट दोनदा सांगते. आपला अभ्यास मागे पडेल. आणि जिला आपण आवडतो, तिची पारखच कच्ची असणार! ती काल होती तशीच आज होती. बदलला होता फक्त तिचा प्रतिसाद. म्हणजे दोष तिच्यात सापडला म्हणून ओढ गेली नव्हती. आधी ओढ गेली आणि तिला कारण हवे म्हणून दोष शोधले गेले.

आपल्यातले काही म्हणतील, ही तर जातीची भीती. आडनाव कळले की माणसे मागे सरकतात, घरच्यांचा विरोध जिवावर बेततो, हे खरेच आहे आणि त्या बाबतीतली सावधगिरी हा आजार नव्हे. पण इथे आम्ही दोघे एकाच समाजाचे होतो, लपवण्यासारखे काही नव्हते, तरी तेच घडले. म्हणून बाहेरचा धोका आणि आतली भीती यांची गल्लत करू नये.

आतल्या भीतीबद्दल मानसशास्त्राने काही ठोस सांगितले आहे. मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या आसपासच्या बाळांना थोडा वेळ आईपासून दूर ठेवून, आई परत आल्यावर ती काय करतात ते पाहिले. काही बाळे आईकडे बघतही नव्हती, खेळण्यातच रमल्यासारखी दिसत होती. पुढे संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले. चेहरा शांत, आत खळबळ. जवळ गेल्यावर दिलासा मिळेलच याची खात्री नसलेले मूल गरज दाखवणेच बंद करते. 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी हाच विचार मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावला. आमच्या घरी माया होती, पण आई-वडील दोघेही कामावर. रडणाऱ्याला "गप बस" एवढेच उत्तर मिळायचे. बालपण हे एकमेव कारण नसते, पण आमच्या बाबतीत हा धागा जुळतो.

दूरच्या माणसावर प्रेम करण्यात धोका नसतो, कारण तो आपल्याला आतून बघत नाही. "तुझ्याबद्दल ऐकायचंय" म्हणणारा मात्र बघणार असतो. तिथे मन ओढच बंद करून टाकते, आणि आपल्याला वाटते की प्रेम संपले.

पण प्रत्येक वेळी भीतीच असते असे नाही. कधी माणूस खरोखर आवडत नाही, कोणाला नातेच नको असते, आणि त्यात काही बिघडलेले नाही. ओळखायचे कसे? हे एकदा घडले की वारंवार, ते बघा. दर वेळी नेमके होकारानंतरच घडते का? आणि समोरची व्यक्ती मागे हटली की ओढ पुन्हा जागी होते का? या सगळ्याचे उत्तर 'हो' असेल, तर प्रश्न त्या व्यक्तीचा नाही.

अशा वेळी आम्ही दोन गोष्टी करतो. उत्साह ओसरला त्या रात्री निर्णय घेत नाही; तिने नेमके काय केले तेव्हा तो ओसरला, एवढे वहीत लिहून ठेवतो. आणि गायब न होता साध्या शब्दांत सांगतो. त्या मैत्रिणीला आम्ही म्हणालो, "तू विचारलंस ते आवडलं, पण मला घाई झाली की गुदमरतं. तासभर चहाला भेटू." ती म्हणाली, "चालेल की." त्या तासात धडधड होती, कंटाळा नव्हता. ज्याला आपण उदासीनता समजत होतो, ती भीतीच होती हे त्या धडधडीने सिद्ध केले. ही भीती एका चहाने जात नाही; पण तिला तिच्या नावाने ओळखले की ती समोरच्या माणसाच्या हसण्यावर ढकलावी लागत नाही.