अर्ज एका पानाचा, बायोडाटा अकरा पानांचा

गेल्या श्रावणातली गोष्ट. जालन्यातील मस्तगड भागात एका कुटुंबाकडे गेलो होतो. चहा होताच त्या घरच्या लेकीने एक जाडसर फाईल माझ्यापुढे ठेवली. मराठी विषयात पीएच.डी. झालेली ही मुलगी सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते आहे. दर जूनमध्ये नेमणूक होईल की नाही, या धास्तीत घरातले सगळेच असतात. आता एका महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाच्या कायम जागेची जाहिरात आली होती. "फादर, पत्र तेवढं वाचून बघा," ती म्हणाली.

पत्र चार पानांचे होते. त्यात अकरा शोधनिबंधांची शीर्षके, नियतकालिकांची नावे, आयएसएसएन क्रमांक आणि चर्चासत्रांच्या तारखा होत्या. सोबतच्या अकरा पानी बायोडाटात हेच सारे पुन्हा होते. शिकवण्याविषयी मात्र शेवटी दीड ओळ.

काही वर्षे मी एका महाविद्यालयाच्या व्यवस्थापन मंडळावर होतो. असे अर्ज गठ्ठ्यांनी पाहिले आहेत आणि, कबूल करतो, चार पानी पत्र दिसले की पहिला परिच्छेद वाचून थेट बायोडाटाकडे वळत असे. त्या उमेदवारांवर मी अन्याय केला असेल. पण वाचणाऱ्याची सवय अशीच असते, हे लिहिणाऱ्याने जाणलेले बरे.

मी तिला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीतील तक्ता आठवून पाहायला सांगितले. महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदासाठी मुलाखतीला कोणाला बोलवायचे, हे ठरवण्याकरिता त्यात 100 गुणांची विभागणी आहे. पीएच.डी.ला 25 गुण. प्रत्येक मान्य शोधनिबंधाला 2, पण एकूण 6 च्या वर नाहीत. म्हणजे तीन निबंधांतच ते गुण पुरे होतात. हे गुण मोजणारा माणूस बायोडाटा आणि जोडलेल्या प्रती पाहतो, पत्र नव्हे. तिथे अकराही निबंध वर्ष, अंक, पृष्ठांसह हवेतच. पत्रात ती यादी पुन्हा लिहून एक गुणही वाढत नाही.

"मग पत्रात संशोधन लिहूच नको?" तिने विचारले.

लिहायचे, पण यादीला जे सांगता येत नाही, तेवढेच. तिचा प्रबंध फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 साली छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'वर आहे. पत्रात प्रबंधाचे लांबलचक शीर्षक होते, पण तिने काय शोधले याचा पत्ता नव्हता. मी विचारले, तेव्हा ती पाच मिनिटे भरभरून बोलली. त्यातूनच आम्ही नवा परिच्छेद बांधला :

"स्वर्गासाठी 'वैकुंठ' असा श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द योजून स्टीफन्स त्यात नवा अर्थ कसा भरतात, हे मी प्रबंधात तपासले आहे. अशा शब्दांचा अभ्यास मला मध्ययुगीन मराठी वाङ्मय आणि भाषांतरविद्या शिकवताना उपयोगी पडतो. पुढे ओवीच्या घडणीचा शब्दनिवडीवर झालेला परिणाम पाहण्याचा मानस आहे. प्रकाशित निबंधांची यादी सोबतच्या परिचयपत्रात आहे."

प्रश्न, त्याचा वर्गातला उपयोग, पुढची दिशा आणि यादीकडे बोट : चार वाक्यांत काम झाले. निवड समितीत बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. त्यांना यातून मुलाखतीतला पहिला प्रश्न सापडतो. प्राचार्यांना ही बाई कोणता पेपर शिकवू शकेल ते कळते. उरलेले पान आम्ही तिच्या सहा वर्षांच्या अध्यापनाला दिले, कारण महाविद्यालयाला मुख्यतः शिकवणारी व्यक्ती हवी असते. हीच जागा विद्यापीठाच्या विभागातली असती, तर संशोधनाला आणखी एक परिच्छेद दिला असता. तिथल्या तक्त्यात निबंधांना 10 गुणांपर्यंत वाव आहे आणि संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचा प्रश्नही येतो.

दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासताना एक चूक सापडली. पत्रात 'प्रकाशित' म्हटलेला एक निबंध बायोडाटात 'स्वीकृत' होता. तिने मुद्दाम केले नव्हते; पत्र जुने होते, इतकेच. पण समितीतल्या एखाद्याने हे पाहिले असते, तर बाकीच्या दहा निबंधांवरही संशय आला असता. पत्रातला संशोधनाविषयीचा प्रत्येक दावा बायोडाटातल्या एखाद्या ओळीवर टेकलेला असावा. आणि जे वाक्य दोन्हीकडे जसेच्या तसे आहे, ते पत्रातून खुशाल काढावे.

चांगल्या पत्राने तक्त्यातले कमी गुण भरून निघत नाहीत, हेही मी तिला सांगितले. मुलाखतीचे बोलावणे तक्त्यावर येते.

रात्री साडेनऊला पत्र एका पानावर आले. तिच्या आईने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि काळजीने विचारले, "फादर, एवढंसंच? एवढी वर्षं शिकली की ती!"

"आई, ती वर्षं त्या अकरा पानांत आहेत," मुलगीच म्हणाली आणि तिने पाकीट बंद केले.